गहू सोडण्याआधी

आपल्याकडे बाई वाळायला लागली की त्याचं कारण आधी तिच्या स्वभावात शोधतात. फार मनाला लावून घेते. नीट जेवत नाही. उपास जास्त करते. मुळात अंगकाठीच तशी. तिला रोज तीन-चारदा शौचाला जावं लागतं हे कुणाला माहीतच नसतं, कारण त्या विषयावर चारचौघांत बोलायचं नाही हे आपण फ्रॉक घालायच्या वयातच शिकलेल्या असतो. आणि तिने धीर करून सांगितलंच, तर हल्ली एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असतं : "अगं, गहू सोडून बघ."

जिममधला मुलगा हे सांगतो, शेजारीण सांगते, मोबाइलमधून हसतमुख कुणीतरी सांगतं. माझा सगळा राग या सल्ल्यावर आहे. गहू चांगला की वाईट, या भांडणात मला पडायचं नाही. पस्तीस वर्षं इंदूरच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई गव्हाशी वैर धरून राहील कशी? माझं म्हणणं वेगळं आहे. जिचं वजन कारणाशिवाय उतरतंय आणि पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं आहे, तिने रक्त तपासण्याआधी गहू सोडू नये. आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटला की आजार हाती लागता लागता निसटतो.

मी डॉक्टर नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळणारी बाई आहे. पण माझ्या भाचीच्या बाबतीत हा क्रम उलटला आणि त्यात तिचं जवळजवळ एक वर्ष गेलं. त्या वर्षात आणि नंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं, ते लिहिते आहे.

भाची मूळची चिकोडीकडची. माहेरी सकाळी ज्वारीची भाकरी, रात्री भात-आमटी, पोळी सणावारी. लग्न होऊन इंदूरला आली आणि दोन्ही वेळा फुलके, रविवारी दाल-बाफले, सकाळच्या पोह्यांबरोबर जिलबी असं इथलं खाणं सुरू झालं. एकतीसाव्या वर्षी, दीड वर्षात, तिचं वजन 54 किलोवरून 43वर आलं. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात शंभरातले पाच टक्के वजन गेलं, तरी डॉक्टर कारण शोधायला लागतात. तिच्या बाबतीत ते पावणेतीन किलोलाच व्हायला हवं होतं. अकरा किलो गेले तरी घरात "दशलक्षणात एकभुक्त राहिली ना, म्हणून" असंच चाललं होतं. दशलक्षण दहा दिवसांचं. दीड वर्षाचा हिशेब त्याच्या माथी मारायचा?

जुलाब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाण्यासारखी हगवण येते. तिचे तसे नव्हते. दिवसातून तीन-चार वेळा, पुष्कळ, फिकट, तेलकट, कमोडमध्ये पाणी सोडलं तरी चिकटून राहणारं. स्पष्ट लिहिते आहे, कारण हीच खूण आपण लाजेने गिळतो. चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या जुलाबाला वैद्यकात जुनाट म्हणतात. आणि मल फिकट-तेलकट असेल तर खाल्लेली चरबी अंगी न लागता तशीच बाहेर पडते आहे, अशी शंका घ्यायची असते.

सोबत पंडुरोग. हिमोग्लोबिन 7.8. लोहाच्या गोळ्या सहा महिने घेतल्या आणि ते 8.1 झालं. तपासणाऱ्या बाईंनी तिलाच दटावलं, "गोळ्या खिडकीबाहेर टाकतेस का?" तिने एकही चुकवली नव्हती. या दटावणीत सगळा आजार दडलेला होता. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. त्यांच्यामुळे अस्तराचं क्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं आणि अन्नातलं सत्त्व तिथून रक्तात शिरतं. सीलिअ‍ॅक आजारात गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्यात आलं की शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच अस्तरावर हल्ला करते. अंकुर झिजतात, आखडतात, शेवटी सपाट होतात. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात आणि सर्वांत जास्त नासधूसही तिथेच होते. तोंडाने घेतलेली गोळी आत जाणार कुठून? जिथे दारच मोडलंय तिथे पाहुण्याला दोष देऊन काय उपयोग?

मग एका वैद्यांनी संग्रहणी म्हणून निदान केलं आणि चाळीस दिवस ताक-भातावर ठेवलं. तिला खरोखर बरं वाटलं, दोन किलो वजनही वाढलं. घरात ताकाचं कौतुक सुरू झालं. पथ्य संपलं, फुलके सुरू झाले आणि महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता मागे वळून पाहिलं की कळतं, ताकात काय होतं यापेक्षा त्या चाळीस दिवसांत ताटात काय नव्हतं, हे महत्त्वाचं होतं.

अशी फसगत आपल्याकडेच झाली असं नाही. 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञांनी अशा खंगलेल्या मुलांना केळ्यांचा आहार दिला. मुलं सुधारली आणि गुण केळ्याचा आहे असा समज कित्येक वर्षं टिकला. खरं कोडं उलगडलं ते हॉलंडच्या विलेम डिके यांना. त्यांना पावाबद्दल आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45मध्ये, तिथे भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सगळा देश कृश होत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली; पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. पुढे डिकेंनी मोजूनमापून प्रयोग केले आणि 1950मध्ये गव्हावर बोट ठेवलं. म्हणजे गहू वगळून रोग्याला बरं वाटतं हे समजायला माणसांना फार वेळ लागला, हे खरं. पण त्या काळी रक्ताची तपासणी नव्हती. आज ती आहे, आणि ती असताना चाचपडत बसायचं कशाला?

ताकानंतर भाचीला तो सल्ला मिळाला. तिने गहू सोडला आणि मनापासून सोडला. चार महिने भाकरी, भात, मुगाचं धिरडं. पोट थांबलं, वजन 46 झालं. मात्र सासूबाईंना रोजचा वेगळा स्वयंपाक खुपायला लागला. त्या मला म्हणाल्या, "ताई, आजार आहे तर कागदावर दाखवा ना. नुसतं कुणीतरी सांगितलं म्हणून घरातली पोळी बंद?" मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा प्रश्न योग्यच होता, फक्त तो चार महिने उशिरा आला. तेव्हा कुठे रक्त तपासलं, आणि रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांनी "तू सध्या खातेस काय?" एवढं विचारलं नाही. "सीलिअ‍ॅक नाही, टेन्शन कमी करा," म्हणाले.

रिपोर्ट स्वच्छ का आला, हे नीट समजून घ्या, कारण माझ्या तक्रारीचा कणा तोच आहे. या तपासणीला टीटीजी-आयजीए म्हणतात. शरीर स्वतःच्या अस्तराविरुद्ध जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती या तपासणीत मोजतात. ग्लुटेन पोटात जात असेल तोवर ती तयार होत राहतात. ग्लुटेन थांबलं की काही महिन्यांत ती उतरतात आणि आतड्याचे अंकुरही हळूहळू भरून यायला लागतात. म्हणजे गहू सोडल्यावर केलेली तपासणी ही चोर निघून गेल्यावर घातलेली धाड. घरात कुणी सापडलं नाही म्हणून चोरी झालीच नाही असं होत नाही.

स्वच्छ रिपोर्ट हातात आल्यावर फुलके परत सुरू झाले. दहा आठवड्यांत वजन पुन्हा 43, हिमोग्लोबिन पुन्हा खाली, आणि एके दिवशी जिन्यात चक्कर. यावेळी पोटाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुना रिपोर्ट हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "हे रक्त दिलं तेव्हा पोळी खात होतीस का?" तिने नाही म्हणताच त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. आता दहा आठवडे ती गहू खात होतीच, म्हणून लगेच टीटीजी-आयजीए पुन्हा करायला सांगितली आणि बरोबर एकूण आयजीएचीही तपासणी. काही माणसांत आयजीए हे द्रव्यच मुळात फार कमी असतं. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही कमी दिसते. म्हणून ही जोडी एकत्र मागायची. भाचीची टीटीजी-आयजीए मर्यादेच्या दहा पटींहून जास्त आली. मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अस्तराचे अगदी बारीक तुकडे काढले. एका जागी अस्तर ठीक आणि बोटभर अंतरावर झिजलेलं असं असू शकतं, म्हणून एक-दोन तुकड्यांवर भागत नाही. चार तरी लागतात आणि आतड्याच्या अगदी तोंडाशी एक-दोन. तपासणीत अंकुर बहुतांश सपाट झालेले निघाले. जे पहिल्याच महिन्यात एका रक्ताच्या नळीवर कळलं असतं, ते असं फिरून फिरून कळलं.

ज्यांनी आधीच गहू सोडलाय त्यांनी काय करायचं? त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे परत गहू खाऊन मग तपासणी करावी लागते. साधारण दिवसाला तीन ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे जेमतेम एक-दोन फुलके, आणि सहा ते आठ आठवडे सोसलं तर उत्तम. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या खाण्याने हाल झाले तेच पुन्हा मुद्दाम खायचं, ही शिक्षाच आहे. पुष्कळजणी मध्येच सोडतात आणि निदान कायमचं अर्धवट राहतं. जनुकांची एक तपासणी गहू सोडल्यावरही चालते, पण तिचा उपयोग एकाच बाजूने. ठरावीक दोन जनुकांपैकी एकही नसेल तर हा आजार जवळपास नाहीच. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत असतात आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो.

आता मला हटकून विचारलं जातं, "पण गहू सोडून तिला बरं वाटत होतं ना? मग कागदावर नाव कशाला?" या प्रश्नाला मी तीन ठिकाणी उत्तर दिलंय, इथे चौथ्यांदा देते.

एक तर, बरं वाटणं हा पुरावा नाही. गव्हात ग्लुटेनशिवाय एक प्रकारची साखरेची साखळीही असते. ती अनेकांच्या आतड्यात नीट पचत नाही, आंबते, वायू धरते. गहू सोडल्यावर अशांचंही पोट हलकं होतं, आणि त्यांना सीलिअ‍ॅक नसतो. उलट दीर्घ जुलाब आणि वजन उतरणं यामागे आतड्याचा क्षय असू शकतो, जिआर्डियासारखा जंतू असू शकतो, वाढलेला थायरॉइड किंवा बिघडलेलं स्वादुपिंड असू शकतं. गहू सोडून थोडा आराम पडला की बाई समाधान मानते आणि आतला क्षय वाढत राहतो. गहू खात असताना रक्त तपासलं आणि ते स्वच्छ आलं, तर डॉक्टर निदान पुढचं दार ठोठावतात. ताप येत असेल, मलातून रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर ते दार ठोठवायला आठवडाभरही थांबू नये.

दुसरं म्हणजे, नाव नसलं की पथ्य पाळलं जात नाही. आपल्या घरांतलं सर्वांत लाडकं वाक्य कोणतं? "थोडंसं चालतं गं!" तर या थोड्याचा हिशेब करू. एका फुलक्याला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते. तिच्यात ग्लुटेन जवळपास अडीच ते तीन ग्रॅम. या आजाराच्या बहुतेक माणसांना दिवसाकाठी दहा मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. पन्नास मिलिग्रॅम रोज गेलं तर आतडं पुन्हा झिजू लागतं. म्हणजे एका फुलक्याचे अडीचशे तुकडे करा आणि त्यातला एक उचला. तेवढं थोडंसं चालतं. प्रसादाचा शिरा चमचाभर, वाढदिवसाच्या केकची कड, यातलं काही त्या तुकड्यात मावत नाही. पोट दुखलं नाही म्हणून नुकसान झालं नाही असंही नाही, आतडं निमूट झिजतं.

निदान झाल्यावर भाचीच्या घरी आम्ही दोघींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी आणि मी, एकेक डबा उघडून पाहिला. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, टोस्ट हे सगळे दिसणारे. न दिसणारे पुढे निघाले. पहिली हिंगाची डबी. आमच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, त्यामुळे हिंगाशिवाय फोडणी नाही, आणि बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. तो तिच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या वरणात रोज दोनदा पडत होता. मग दुधात घालायची माल्टची पूड; माल्ट बहुधा जवाचा, आणि जवातलं प्रथिन तितकंच त्रासदायक. सातूचं पीठ त्याच कारणाने गेलं. शेवटी ज्वारीचं पीठ! ते बाहेर चक्कीत दळून यायचं, गव्हाच्या दळणावर. जात्याच्या पोटात राहिलेली गव्हाची मूठभर पिठी ज्वारीत यायची. म्हणजे जी भाकरी औषध म्हणून खायची, तिच्यातच विष. सासूबाईंनी घरघंटी आणवली, ज्वारी निवडून त्यातच दळली. तिचं पोळपाट-लाटणं, तवा, परात वेगळी केली, कारण लाकडाच्या चिरांतून कणीक निघत नाही. ज्या बाईंनी कागद मागितला होता, त्यांनीच कागद पाहिल्यावर इतकं कसोशीने केलं. नावाने हे घडतं. नुसत्या "सोडून बघ"ने नाही घडत.

पोटातले जुलाब तीन आठवड्यांत थांबले. लोह रक्तवाहिनीतून दिलं, कारण आतड्याचं दार उघडायला वेळ लागणार होता. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. वर्षाने हिमोग्लोबिन 11.9, वजन 51. टीटीजी दर सहा महिन्यांनी मोजतात, तो उतरतो आहे. मोठ्या माणसाच्या आतड्याला पूर्ण भरून यायला कधी कधी दोन-तीन वर्षंही लागतात, आणि पथ्य जन्मभराचं. हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं ते बरं झालं.

इंदुरी गव्हाने तिला आजारी पाडलं, असंही मी म्हणणार नाही. आजाराची वृत्ती जन्मतःच असते. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला हा आजार आढळला, दक्षिणेत हजारात एकाला. जनुकांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. फरक होता तो ताटातल्या गव्हात. म्हणजे आपल्या माहेरच्या ज्वारी-भाताने कित्येकींचा आजार झाकून ठेवला असणार, आणि लेकी गव्हाच्या मुलखात आल्या की तो वर येत असणार. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याला दिलेल्या आपल्या मुली सासरी गेल्यावर वाळतात, तेव्हा "सासरचं सोसवत नाही" हे निदान करण्याआधी एक रक्ताची नळी द्यायला काय हरकत आहे?

तिसरं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. निदान झालं की आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करायची असते, कारण जवळच्या नात्यात शंभरातल्या सात-आठांना हा आजार निघतो. भाचीचा कागद आल्यावर चिकोडीला माझ्या बहिणीचं रक्त पाठवलं. तिला जुलाब कधीच नव्हते, वजनही बेताचं. फक्त आदल्या वर्षी अंगणात साधी घसरली तर मनगट मोडलं होतं आणि हाडं ठिसूळ निघाली होती. सगळे वयावर ढकलून मोकळे झाले होते. तिचीही टीटीजी वाढलेली निघाली, पुढे बायोप्सीतही तेच. भाची तेव्हा स्वतःच गहू सोडून बरी झाली असती, तर बहीण आज दुसऱ्या मनगटाची वाट पाहत बसली असती.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्या लेकीला, सुनेला "गहू सोडून बघ" म्हणालं, तर त्यांना चहा द्या, बसवा, आणि लेकीला त्या दिवशीचे फुलके नेहमीसारखे खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा आणि टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए, अशी दोन्ही नावं कागदावर लिहून घ्या. पोळी सोडायचीच असेल तर रिपोर्ट आल्यावर सोडा. त्यानंतर मात्र अडीचशेवा तुकडासुद्धा मोजून.